तारीख पाठ आहे, पुरावा कुठे आहे?

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह कधी झाला? 20 मार्च 1927. हे उत्तर आपल्यापैकी बहुतेकांना झोपेतून उठवून विचारले तरी येते. शाळेत एका गुणासाठी पाठ केले, पुढे स्पर्धा परीक्षेसाठी पुन्हा पाठ केले. आता दुसरा प्रश्न घ्या. त्या तळ्यावर अस्पृश्यांचा हक्क कायद्याने कधी मान्य झाला आणि कोणत्या कारणाने? इथे पदवीधरसुद्धा गप्प होतो. उत्तर आहे 17 मार्च 1937, म्हणजे जवळपास दहा वर्षांनी, मुंबई उच्च न्यायालयात. कारण तर त्याहून महत्त्वाचे आहे. सवर्णांना आपला इतिहास सिद्ध करता आला नाही, म्हणून ते हरले.

इतिहास साधनांवरून आणि पुराव्यांवरून शिकवावा, हे म्हणणे नवे नाही. शिक्षणतज्ज्ञ हे अनेक वर्षे सांगत आले आहेत, पण बहुधा अध्यापनाची एक चांगली पद्धत म्हणून. माझे म्हणणे वेगळे आहे. जातीच्या समाजात हा पद्धतीचा प्रश्न उरत नाही. जात स्वतःच इतिहासाबद्दलचे एक विधान करत असते: ‘पूर्वापार असेच चालत आले आहे.’ या विधानाला ‘कशावरून?’ असे विचारायला न शिकवणारा इतिहासाचा तास जातीच्या बाजूचा असतो, मग फळ्यावर नाव बाबासाहेबांचे का लिहिलेले असेना.

महाडचेच प्रकरण कागदांवरून उलगडून पाहू.

पहिला कागद 4 ऑगस्ट 1923 चा. मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असा तो ठराव. त्याला अनुसरून 5 जानेवारी 1924 रोजी महाड नगरपालिकेनेही ठराव केला आणि तळे अस्पृश्यांना खुले असल्याचे म्हटले. पाठांतराच्या इतिहासात गोष्ट इथे संपते: ठराव झाला, हक्क मिळाला. पण विद्यार्थ्याने दोन तारखा शेजारी ठेवून पाहिल्या तर त्याला प्रश्न पडेल. जानेवारी 1924 ते मार्च 1927 या तीन वर्षांत तळ्याचे पाणी कुणी का घेतले नाही? ठराव कागदावर होता आणि गावातली सत्ता ज्यांच्या हातात होती त्यांच्याच हातात राहिली. कागद काय म्हणतो आणि काय घडते यांतले अंतर मोजणे, हा साधनांवरून शिकण्याचा पहिला धडा आहे.

दुसरा टप्पा 1927 चा. पुस्तकात ‘महाड’ ही एकच घटना असते. कागदांत दोन परिषदा आहेत. मार्चमधली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद आणि डिसेंबरमधली सत्याग्रह परिषद. मार्चमध्ये लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. नंतर हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्या माणसांवर हल्ले झाले. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. 4 ऑगस्ट 1927 रोजी नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव मागे घेतला. ‘1924: तळे खुले’ एवढेच पाठ केलेल्या विद्यार्थ्याला हे कळणारच नाही की तेच तळे त्याच नगरपालिकेने पुन्हा बंद केले.

तिसरा कागद माझ्या मते सगळ्यात मोलाचा. 12 डिसेंबर 1927 रोजी महाडच्या काही सवर्ण हिंदूंनी बाबासाहेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दिवाणी दावा लावला. तळे आमचे आहे, अनादी काळापासून ते फक्त स्पृश्यच वापरत आले आहेत, म्हणून अस्पृश्यांना मनाई करावी, अशी त्यांची मागणी होती. दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत पाणी घेतले गेले नाही. 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. ‘महाडला पाणी घेतले आणि मनुस्मृती जाळली’ असे एका दमात म्हणणाऱ्याला या दोन कृतींमध्ये नऊ महिने, एक हल्ला, एक शुद्धीकरण आणि एक कोर्टाचा हुकूम उभा आहे हे दिसत नाही. म्हणूनच डिसेंबरमध्ये लढाईचा रोख पाण्यावरून शास्त्रावर कसा गेला, हेही उमजत नाही.

दावा वाचताना विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा: वादींनी काय सिद्ध करायला हवे होते? ज्या कायद्याखाली हे प्रकरण चालले त्यात रूढीला हक्काचे बळ मिळवायचे असेल तर ती अनादी, निश्चित आणि वाजवी असल्याचे दाखवावे लागे. म्हणजे ‘आमचे आजोबा सांगायचे’ यापेक्षा अधिक काहीतरी हवे. मालकीचा दावा टिकला नाही. तळे नगरपालिकेच्या ताब्यातले ठरले. उरली वहिवाट. 8 जून 1931 ला महाडच्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. दीर्घकाळची वहिवाट त्यांना दिसली, पण एका वर्गाने पाणी वापरणे आणि दुसऱ्याने न वापरणे एवढ्यावरून पहिल्याला दुसऱ्याला रोखण्याचा हक्क मिळत नाही, असे त्यांनी ठरवले. ठाण्याच्या अपिलातही वादी हरले. उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्यापुढे प्रश्न आला, की ही रूढी अनादी आहे याला पुरावा काय? माणसांच्या आठवणीत अस्पृश्य तिथे पाणी भरत नव्हते, एवढेच दाखवता आले. त्याआधी काय होते, याचे उत्तर वादींकडे नव्हते. तळ्याभोवती सवर्णांची घरे उभी राहण्याआधी असा एकाधिकार कुणी गाजवू पाहिला असेल का, अशी शंका न्यायालयाने घेतली. अपील फेटाळले गेले.

‘कायमच असे होते’ या वाक्याची ताकद किती, ते इथे दिसते. पुरावा मागितला की त्या ‘कायम’ची लांबी दोन-तीन पिढ्यांवर येते.

आता आपल्यालाही थोडे अवघड जाईल असे सांगतो. हा निकाल अस्पृश्यतेविरुद्ध नव्हता. अस्पृश्यता अन्याय्य आहे म्हणून तळे खुले, असे न्यायालय म्हणाले नाही. वादींनी रूढीचे प्राचीनत्व सिद्ध केले नाही, एवढाच त्याचा आधार. पुरेसा जुना पुरावा सापडला असता तर काय झाले असते? त्याचा अंदाज तामिळनाडूतल्या कमुदीच्या मंदिराच्या खटल्यावरून येतो. तिथे नाडारांना प्रवेश नाकारणारी रूढी खालच्या न्यायालयांनी मान्य केली आणि 1908 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ती कायम ठेवली. देऊळ आणि नगरपालिकेचे तळे यांत कायद्याने फरक आहे, तरी धडा तोच. रूढी हाच निकष असलेल्या कायद्यात आपला विजय दुसऱ्याच्या पुराव्याच्या कमतरतेवर उभा होता. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 17 ची गरज होती. तिथे रूढी किती जुनी हा प्रश्नच उरत नाही. अनुच्छेद 17 पाठ असणे वेगळे आणि तो 1937 च्या निकालात काय अपुरे होते म्हणून लागला हे कळणे वेगळे.

साधने जे सांगत नाहीत तेही शिकवावे लागते. ठराव, दावा, निकाल हे सगळे पुरुषांनी लिहिलेले कागद आहेत. घरात पाणी भरायचे काम मात्र बायकांचे. तळे बंद असल्याने कोण किती लांब चालत गेले, हे कोणत्याही निकालपत्रात नाही. त्यासाठी दुसऱ्या साधनांकडे जावे लागते. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून ‘आम्हीही इतिहास घडवला’ लिहिले ते यासाठीच. मौखिक साक्षीही तपासाव्या लागतात: सांगणारी तेव्हा किती वर्षांची होती, स्वतः पाहिले की ऐकले, किती वर्षांनी सांगते आहे. पण ज्यांना लिहूच दिले नाही त्यांच्याकडे ‘लेखी पुरावा आणा’ म्हणणे ही वादींचीच चाल आहे.

यावर आक्षेप येतो, की पाठ्यपुस्तके आता बदलली आहेत. महाराष्ट्रात 2018 पासून दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाचे धडे आहेत, हे खरे. रांके, फूको यांची नावे आहेत. पण स्वाध्यायात आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, ते पर्यायांतून निवडायचे असते. पुरावा कसा तपासावा हे शिकवणारा धडाही आपण नावांच्या यादीत बदलून टाकला. पेशव्यांची वंशावळ गेली आणि इतिहासकारांची वंशावळ आली.

आणि आपण तरी काय करतो? राजांच्या यादीला उत्तर म्हणून महापुरुषांची यादी देतो. जयंतीच्या प्रश्नमंजूषेत जन्मतारीख, जन्मगाव, पदव्यांची संख्या. ज्या माणसाने प्रत्येक दाव्यापुढे ‘आधार काय?’ असे विचारले, त्याचे आयुष्य आपण बिनआधाराच्या ओळींमध्ये फिरवतो. मग समोरून एखादी खोटी ओळ आली की आपल्याकडे तिला भिडायला आपली ओळ असते. तपासायची सवय नसते.

‘आमच्या मुलांना आधी परीक्षा पास होऊ द्या, साधने वगैरे महागड्या शाळांचे लाड’ हेही ऐकू येते. पण ज्या मुलाच्या घरी पुस्तके आहेत तो तपासणे घरी शिकतो. पहिल्या पिढीच्या मुलाला ते फक्त वर्गात मिळू शकते. महाडच्या खटल्याचे कागद सरकारने छापलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात आहेत. तो इंग्रजीत आहे, ही खरी अडचण. तेव्हा काम ठरलेले आहे: पदवीधरांनी त्यातली चार पाने सोप्या मराठीत, हिंदीत, तेलुगूत, आपापल्या भाषेत उतरवावीत. दोन तासिका पुरतात. पहिल्या तासाला दावा वाचायचा आणि वादींना काय सिद्ध करायचे आहे ते मुलांनी लिहायचे. दुसऱ्या तासाला निकाल वाचायचा आणि काय सिद्ध झाले नाही ते लिहायचे. 20 मार्च 1927 ही तारीख तेवढ्यात आपोआप लक्षात राहते.

पुढच्या वेळी गावात देवळाच्या पायरीवर, स्मशानाच्या वाटेवर किंवा विहिरीच्या काठावर कुणी ‘पूर्वीपासून असेच आहे’ म्हणाले, तर त्या मुलीला ‘कधीपासून?’ हे विचारता आले पाहिजे. आणि त्यानंतर लगेच: ‘किती का जुने असेना, ते आज कशाच्या आधारावर?’