स्टॉप लॉस लावलाय ना, मग कसली काळजी?

वाल्डॉर्फमध्ये मराठी माणसं जमली की दोन विषय निघतातच: घरभाडं आणि शेअर. गेल्या दिवाळीच्या फराळाला चिवड्याची वाटी हातात घेऊन एक गृहस्थ मला म्हणाले, "डॉक्टर, मी एका सौद्यात अर्धी रक्कम घालतो, पण घाबरत नाही. खाली दोन युरोवर स्टॉप लॉस लावलेला असतो." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी त्यावेळी गप्प बसलो, कारण समोर गरम करंज्या होत्या. पण ते वाक्य धोकादायक आहे आणि आपल्यापैकी बरेच जण त्यावर पैसे लावतात, म्हणून आज भांडायला बसलो आहे.

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. एका सौद्यात तुमचं नुकसान किती होणार हे शेवटी तुम्ही किती शेअर घेतले यावर ठरतं. स्टॉप लॉस त्यात मदत करतो, पण तो हमी देत नाही. आणि तो जवळ लावला म्हणून जास्त शेअर घेणं हा सुरक्षितपणाचा देखावा आहे.

आधी हिशेबाचा क्रम बघू, कारण बहुतेकांचा तो उलटा असतो. समजा तुमच्या खात्यात ४०,००० युरो आहेत आणि एका सौद्यात त्यातला १ टक्का, म्हणजे ४०० युरो, गमवायची तुमची तयारी आहे. शेअरचा भाव १२५ आहे. आता पहिला प्रश्न "किती शेअर घेऊ?" हा नाही. पहिला प्रश्न आहे, "भाव कुठे गेला म्हणजे माझा अंदाज चुकला असं मी मानेन?" ती जागा शेअर सांगतो, तुमचा खिसा नाही. मागच्या काही आठवड्यांत भाव जिथून वर उसळला होता तो तळ बघा. शेअर एका दिवसात सरासरी किती हलतो तेही बघा. ही सरासरी १४ दिवसांवर काढायची पद्धत आहे आणि कोणत्याही चार्टवर ती एटीआर या नावाने मिळते. ती अडीच युरो असेल, तर दोन युरोवरचा स्टॉप म्हणजे दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याचे धक्के खाणं. तुमचा अंदाज बरोबर असूनही नुसत्या रोजच्या हालचालीने तुम्ही बाहेर फेकले जाता. साधारण अडीच-तीन पट अंतर ठेवलं तर स्टॉप ११८ च्या आसपास येतो.

मग भागाकार. १२५ वजा ११८, अंतर ७ युरो. ४०० भागिले ७, म्हणजे ५७ शेअर. त्यांची किंमत ७,१२५ युरो, खात्याच्या सुमारे १८ टक्के. आपले फराळवाले गृहस्थ हेच उलट करतात. त्यांना २०० शेअर घ्यायचे असतात, ते आधीच ठरलेलं असतं. मग ४०० युरोच नुकसान व्हावं म्हणून ते स्टॉप १२३ ला आणून ठेवतात. कागदावर दोघांचा धोका सारखाच दिसतो, ४०० युरो.

आता मी १२५ हा आकडा का घेतला ते सांगतो. शुक्रवार, २३ ऑक्टोबर २०२० ला आपल्याच गावातल्या एसएपीचा शेअर १२५ च्या जवळपास बंद झाला. रविवारी, २५ ला, संध्याकाळी कंपनीने तिमाहीचे आकडे दिले, वर्षाचा अंदाज खाली आणला आणि पुढच्या काही वर्षांसाठी जाहीर केलेली नफ्याची उद्दिष्टं मागे घेतली. सोमवारी सकाळी बाजार उघडला तोच कितीतरी खाली, आणि दिवसअखेर शेअर सुमारे २२ टक्के घसरून शंभरच्या खाली बंद झाला. जर्मनीतली सर्वांत मोठी सॉफ्टवेअर कंपनी, डॅक्समधलं बडं नाव, रोज प्रचंड उलाढाल. कुठला आडवाटेचा शेअर नव्हता तो.

त्या सोमवारी आपल्या दोघांच्या स्टॉपचं काय झालं असतं? साधा स्टॉप लॉस हा एक निरोप असतो: भाव या आकड्याला किंवा त्याखाली गेला की मिळेल त्या भावाला विकून टाक. ११८ ला किंवा १२३ ला घेणारा माणूस तिथे उभा असेल असं तो निरोप म्हणत नाही. शुक्रवारचा शेवटचा भाव आणि सोमवारचा पहिला भाव यांच्यामध्ये सौदाच झाला नाही, नुसती दरी होती. हिशेबाला सोपं म्हणून विक्री १०२ ला झाली असं धरू, एखाददुसऱ्या युरोने मुद्दा बदलत नाही. प्रत्येक शेअरमागे २३ युरो गेले. ५७ शेअरवाल्याचे १,३११ युरो गेले, खात्याच्या सव्वातीन टक्के. २०० शेअरवाल्याचे ४,६०० गेले, साडेअकरा टक्के.

इथे क्षणभर थांबा. दोघांची विक्री एकाच भावाला झाली. १२३ चा "कडक" स्टॉप ११८ च्या "सैल" स्टॉपपेक्षा एका पैशानेही उपयोगी पडला नाही. त्याने एकच काम केलं: मालकाला साडेतीन पट शेअर घ्यायचं धाडस दिलं. ज्या गोष्टीवर विसंबून त्याने आकार वाढवला, तीच गोष्ट ऐनवेळी हजर नव्हती.

उसने घेऊन खेळणाऱ्यांचं तर विचारूच नका. युरोपात किरकोळ ग्राहकाला सीएफडीवर एका शेअरसाठी पाच पटीपर्यंत सौदा करता येतो. त्याच खात्यातले २५,००० अनामत ठेवून १,००० शेअरचा सौदा उभा केला असता, तर सोमवारी २३,००० गेले असते. उरलेल्या १७,००० चे पुन्हा ४०,००० करायला १३५ टक्के कमवावे लागतात. साडेअकरा टक्के गमावणाऱ्याला १३ टक्के पुरतात. नुकसान वाढतं तशी परतीची वाट त्याहून वेगाने लांबते, म्हणून आकार हा पहिला प्रश्न.

यावर तीन हरकती मी नेहमी ऐकतो.

पहिली: "मी स्टॉप लिमिट लावतो, म्हणजे अमुक भावाच्या खाली विक्रीच होणार नाही." बरोबर. होणारच नाही. लिमिट ११६ असती तर १०२ च्या बाजारात तुमची ऑर्डर तशीच पडून राहिली असती आणि तुम्ही २०० शेअर घेऊन घसरण बघत बसला असता. भावाची खात्री हवी असेल तर बाहेर पडण्याची खात्री सोडावी लागते. दोन्ही फुकट मिळत नाहीत. खरी खात्री विकत मिळते: काही सीएफडीवाले शुल्क घेऊन हमीचा स्टॉप देतात, किंवा तुम्ही पुट ऑप्शन घेऊ शकता. पण युरेक्सवर जर्मन शेअरचं एक कॉन्ट्रॅक्ट साधारण १०० शेअरचं असतं, ५७ ला ते मापात बसत नाही, आणि निकालाच्या तोंडावर त्याचा हप्ता चढलेला असतो.

दुसरी: "एसएपी वर आला की!" आला. २०२४ मध्ये तो दोनशेच्या वर गेला. पण मधल्या काळात, २०२२ मध्ये, तो २०२० च्या त्या सोमवारपेक्षाही खाली जाऊन आला. आणि त्याच २०२० साली, १८ जूनला, डॅक्समधलीच वायरकार्ड एका दिवसात साठ टक्क्यांहून जास्त पडली. आठवड्याभरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ती परत आली नाही. पडलेल्या सकाळी कुठला शेअर परत येणार आहे हे कपाळावर लिहिलेलं नसतं. दहा वर्षं ठेवायला घेतलेला शेअर आणि सहा आठवड्यांसाठी केलेला सौदा या वेगळ्या गोष्टी आहेत. सौदा फसल्यावर त्याचं नाव "दीर्घकालीन गुंतवणूक" ठेवणं ही आपली जुनी खोड आहे.

तिसरी: "मी भारतातल्या बाजारात करतो, तिथे सर्किट असतं, एवढी दरी पडत नाही." सर्किट घसरण थांबवत नाही, विक्री थांबवतं. पाच टक्क्यांचं लोअर सर्किट लागलं की विकणाऱ्यांची रांग असते आणि घेणारा कुणी नसतो. तुमचा स्टॉप जागा होतो आणि रांगेच्या शेवटी उभा राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यात आपल्यासारख्या अनिवासी भारतीयांना शेअरची डिलिव्हरी घ्यावीच लागते, घेतल्या दिवशी विकता येत नाही. आणि मुंबईचा बाजार सव्वानऊला उघडतो तेव्हा इथे हिवाळ्यात पहाटेचे पावणेपाच वाजलेले असतात.

मग करायचं काय? भागाकार एकदा नाही, दोनदा करा. पहिला वर केला तोच: ४०० भागिले ७, उत्तर ५७. दुसरा, स्टॉप अस्तित्वातच नाही असं समजून. एका रात्रीत शेअर २५ टक्के पडला तर? १२५ वर ते ३१.२५ युरो होतात. अशा वाईट रात्री खात्याचे जास्तीत जास्त ४ टक्के, म्हणजे १,६०० युरो जाऊ द्यायचे असं ठरवलंत तर १,६०० भागिले ३१.२५, उत्तर ५१. दोन उत्तरांतलं लहान ते तुमचं: ५१ शेअर. त्या सोमवारी १,१७३ युरो गेले असते. वाईट वाटलं असतं, झोप उडाली नसती. दुसऱ्या भागाकारातला २५ हा आकडा देवाने दिलेला नाही. वायरकार्डसमोर तो तोकडाच पडला असता, आणि छोट्या औषध कंपनीसाठी मी ५० धरीन. पण तो धरायलाच हवा.

यात वाल्डॉर्फकरांसाठी एक जादा पायरी आहे. तुमचा पगार ज्या कंपनीतून येतो तिचे शेअर कर्मचारी योजनेतून आधीच तुमच्या नावावर असतील, तर त्याच कंपनीचा किंवा तिच्या जातकुळीतल्या कंपनीचा सौदा नवा धरू नका. चार सॉफ्टवेअर कंपन्यांचे चार सौदे वाईट सकाळी एकाच सौद्यासारखे वागतात. त्यांच्या संभाव्य नुकसानाची बेरीज करून मग मर्यादेशी ताडून बघा.

स्टॉप लॉस लावू नका असं मी मुळीच म्हणत नाही. रोजच्या, हळूहळू उतरणाऱ्या बाजारात तो आपलं काम चोख करतो, आणि आपल्याच हट्टापासून आपल्याला वाचवतो. पण तो लावून झाल्यावर शेअरची संख्या वाढवायला हात सरसावला, की समजा तुम्ही त्याच्याकडून जे काम होणार नाही त्याचे पैसे आधीच खर्च करत आहात.

पुढच्या दिवाळीत फराळाला कुणी म्हणालं, "स्टॉप लॉस लावलाय ना," तर करंजी खाली ठेवा आणि विचारा, "ते ठीक आहे हो, पण शेअर किती घेतलेत?"