मालकाचा पगार धरा, मग भाव सांगा

पुण्यातल्या छोट्या डिझाइन एजन्सींची कोटेशनं माझ्या नजरेखालून जातात आणि दर वेळी संताप येतो. डिझायनरचा पगार 40,000, महिन्याचे तास 176, म्हणजे तासाला 227 रुपये. त्याची दुप्पट केली की म्हणे भाव निघाला! पगार सोडून सगळा खर्च आणि नफा त्या दुपटीत बसतो, असं कुणी सांगितलं?

मुळात 176 तास विकले जातच नाहीत. रजा, मीटिंगा, न मिळालेल्या कामांची प्रेझेंटेशनं, फायली शोधणं, यांचं बिल कोणाच्या नावावर फाडणार? चार आठवडे टाइमशीट भरून घ्या. बिल करता येणारे तास 110 निघाले, तर डिझायनरचा तास 364 रुपयांना पडतो.

आता वरचा खर्च. भाडं, वीज, सॉफ्टवेअरची वर्गणी, सीएची फी, लॅपटॉपची झीज आणि मालकाचा पगार. हा शेवटचा आकडा लोक हमखास गाळतात. ‘उरेल ते माझं’ म्हणणारा मालक एजन्सीला फुकट राबणारा माणूस पुरवतो, आणि त्या फुकट श्रमालाच नफा समजतो. समजा, हे सगळं मिळून महिन्याला 1,65,000 झालं. तीन डिझायनरांच्या 330 तासांनी त्याला भागा : तासाला 500. म्हणजे खरा खर्च 864 रुपये.

विक्रीवर 20 टक्के नफा हवा असेल तर 864 ला 0.8 ने भागायचं, 1,080 येतात. 864 मध्ये नुसते 20 टक्के मिळवले तर 1,037 होतात आणि नफा 17 टक्क्यांच्याही खाली घसरतो.

मसाल्याच्या एका ब्रँडचं पॅकेजिंग घ्या. काम 60 तासांचं, दुरुस्तीच्या दोन फेऱ्यांचे 15 तास. एकूण 75, म्हणजे 81,000 रुपये, जीएसटी वेगळा. दुपटीवाला दुरुस्त्या विसरतो आणि 27,240 सांगतो. त्याचा स्वतःचा खर्च 64,800 आहे! काम मिळालं म्हणून तो पेढे वाटतो आणि वर्षअखेरीस पगार का थकले ते त्याला कळत नाही.

मग गिऱ्हाईक म्हणतं, ‘दहा टक्के कमी करा, पुढे भरपूर काम देऊ.’ 8,100 सोडले की 16,200 चा नफा निम्मा होतो, खर्च मात्र एक रुपयानंही हलत नाही. बजेट कमी असेल तर काम कमी करा, चार पाकिटांऐवजी तीन करा, पण तासाचा दर सोडू नका. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या कोटेशनमध्येच लिहा. तिसरी मागितली तर 1,080 च्या दरानं बिल पाठवा आणि ते वसूल करा.