पेजेची पहिली पायरी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास आमच्या चिकित्सालयात ७४ वर्षांच्या एक आजी आल्या. तक्रार नेहमीचीच होती. अन्नावर वासना नाही, दोन घास घेतले की पोट भरते, आणि बसलेल्या जागेवरून उठताना मांडीला हात टेकावा लागतो. सहा महिन्यांत वजन ५१ किलोवरून ४६ वर आले होते. त्यांच्या सूनबाईंनी आमच्याच हस्ताक्षरातील जुनी चिठ्ठी पुढे केली. अग्निमांद्याचे निदान करून आम्ही ‘लघु आहार, पेज, मऊ भात, मुगाचे कढण’ असे लिहिले होते, आणि त्या कुटुंबाने ते सहा महिने निष्ठेने पाळले होते. हा लेख त्या चिठ्ठीविषयी आहे.

पेयेचे स्थान शास्त्रात कोठे आहे, हे वैद्यबंधूंना सांगण्याची आवश्यकता नाही. शोधनानंतरच्या संसर्जनक्रमात पेया, मग विलेपी, मग अकृत व कृत यूष, मग मांसरस, असे चढत जावयाचे असते. प्रधान शुद्धीतही प्रत्येक पायरीला तीनच अन्नकाल दिलेले आहेत, म्हणजे सुमारे सात दिवसांत रुग्ण प्रकृत आहारावर यावा, हीच अपेक्षा. आम्ही मात्र वृद्धांना पहिल्या पायरीवर बसवतो आणि पुढील भेटीत ‘पचते ना? मग तेच चालू ठेवा’ असे सांगतो. दुर्बल अग्नीला जपण्याच्या नादात मांसधातू झिजत राहतो, आणि झिजलेला वृद्ध आणखी कमी खातो.

आजींच्या दिवसभराच्या आहाराचा हिशेब आम्ही सूनबाईंसमोर बसून मांडला. दोन कप चहातील दुधाचे सुमारे ३ ग्रॅम प्रथिन, दोन टोस्टचे २, दुपारच्या पेजेतील मूठभर तांदळाचे ४, वरच्या निवळ वरणाचे जेमतेम २, आणि रात्रीच्या मऊ खिचडीचे ५. एकूण १६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिन सांगितले आहे. वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम असावे, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाचे २०१३ पासूनचे मत आहे. म्हणजे आजींना निदान ४६ ग्रॅम हवे होते, आणि मिळत होते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढे.

येथे एक घरगुती गैरसमज नोंदवावासा वाटतो. वरणाचे निवळ किंवा गाळलेला मांसरस ‘ताकदीचा’ मानला जातो. परंतु प्रथिन बहुतांशी डाळीच्या गाळात आणि मांसाच्या तंतूत राहते, वर येते ते चव आणि पाणी. यूष द्यावयाचा तर डाळ घोटून त्यातच ठेवावी. रस द्यावयाचा तर शिजलेले मांस बारीक करून त्यातच कालवावे.

आजींच्या आहाराची मात्रा आम्ही वाढविली नाही, कारण ती त्यांना झेपणारी नव्हती. प्रथम कवळीकडे पाहिले. ती सैल होती व भाकरी त्यामुळेच सुटली होती, त्यास आम्ही अरुची समजलो होतो! मग क्रम बदलला. सकाळच्या चहाच्या जागी सुंठ घातलेले पेलाभर दूध, त्यात साय काढलेल्या दुधाची दोन चमचे भुकटी, हे झाले ११ ग्रॅम. दुपारी पेजेच्या आधी आले, जिरे व हिंगाची तुपातील फोडणी दिलेला मुगाचा दाट यूष, पेज त्यानंतर राहील त्या जागेत. दोहोंचे मिळून ९. दुसऱ्या आठवड्यापासून चार वाजता चहाबरोबर मुगाच्या पिठाचे एक धिरडे, साधारण ८. रात्रीच्या खिचडीत डाळ जवळजवळ तांदळाइतकी, पुन्हा ८. घरात अंडी चालत असल्याने एक उकडलेले अंडे, ६. निजण्यापूर्वी अर्ध्या पेल्याहून थोडे अधिक दूध, साडेचार. बेरीज ४६-४७ ग्रॅमवर आली. सोबत दिवसातून दोन वेळा खुर्चीवरून उठ-बस सांगितली, कारण स्नायूंना काम न देता केवळ प्रथिन वाढविल्याने फारसे साधत नाही.

दुसऱ्या आठवड्यात मलावष्टंभ व आध्मान झाले आणि सूनबाई पुन्हा पेजेकडे वळणार होत्या. दोष डाळीचा नव्हता. आजी दिवसभरात चारच भांडी पाणी पीत होत्या. म्हातारपणी तहान मंदावते, आणि रात्री लघवीला उठावे लागेल या भयाने स्त्रिया पाणी टाळतात. वृद्ध स्त्रीला पेये मिळून दिवसाला सुमारे दीड लिटर लागते. जीभ किंवा त्वचेची चिमटी पाहून या वयात विश्वासार्ह अंदाज येत नाही, म्हणून भांडी मोजावीत. भोजनापूर्वी पाणी प्यायल्याने कृशता येते हे वाग्भटांनी सांगितलेच आहे, तेव्हा पाणी, पातळ ताक, धन्याचे पाणी हे दोन आहारांच्या मध्ये आणि बहुतांश सायंकाळपूर्वी द्यावे. हृदयदौर्बल्य किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र जलाची व प्रथिनाची मात्रा त्या रुग्णाच्या तज्ज्ञाला विचारूनच ठरवावी.

‘ड’ जीवनसत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. ते दूध-भाताच्या आहारातून पुरेसे मिळत नाही, आणि वृद्ध त्वचा उन्हात तरुणाइतके निर्माण करीत नाही. सकाळच्या कोवळ्या उन्हाने तर फारच थोडे मिळते. त्याच्या अभावी मांड्यांचे बळ जाते. सत्तरीनंतर दररोज ८०० एकक ही सर्वमान्य मात्रा आहे, आणि २०२४ च्या एका आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनेही वृद्धांसाठी मोठ्या मात्रेपेक्षा रोजची लहान मात्रा पसंत केली आहे. आपल्याकडे मात्र ६०,००० एककांची पुडी सर्रास दिली जाते. आमच्याकडे आलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी आठवड्याची पुडी सात आठवडे रोज घेतली होती. अरुची, मळमळ, तृष्णा, मलावष्टंभ! आम्ही दीपन-पाचन देत बसलो. रक्तातील कॅल्शियम तपासल्यावर खरे कारण कळले व त्यांना रुग्णालयात पाठवावे लागले. तेव्हापासून अरुची घेऊन येणाऱ्या प्रत्येक वृद्धाला आम्ही घरातील सर्व गोळ्या व पुड्या पिशवीत घालून आणावयास सांगतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन व हृदयविकारावरील डिगॉक्सिन यांनीही भूक मरते.

येथे औषधालय-चालकांना आमची विनंती आहे. पुडी देताना वार लिहून द्यावा, आणि चिठ्ठीतील आठवडे संपल्यावर ती पुन्हा देऊ नये. दुसरे असे की, वृद्धांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पौष्टिक भुकट्यांचा डबा उलटा करून १०० ग्रॅममध्ये प्रथिन किती व साखर किती हे ग्राहकाला वाचून दाखवावे. च्यवनप्राश रसायन आहे यात शंका नाही, पण प्रथिनाची उणीव तो भरून काढीत नाही. त्याने अरुचीच्या रुग्णाचे समाधान होते आणि दूध राहून जाते.

तीन महिन्यांनी आजींचे वजन ४७.८ किलो भरले. हात न टेकता पाच वेळा उठ-बस त्यांना १७ सेकंदांत जमली. १५ सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे अजून दुर्बलतेचेच लक्षण होय, पण आरंभी त्यांना एकदाही हाताविना उठता येत नव्हते. वजन असे वाढले नसते, तर आम्ही क्षय, कर्करोग, अवटू-ग्रंथीचे विकार व विषाद यांसाठी त्यांना पुढील तपासणीस पाठविणार होतो, कारण सहा महिन्यांत दहाव्या हिश्शाएवढे वजन घटणे केवळ जरेच्या खाती टाकता येत नाही. खरे पाहता ती तपासणी आम्ही पहिल्याच भेटीत करावयास हवी होती. रात्रीचे दूध आजी अजूनही कुरकुर करीतच घेतात.