‘छान आहे’च्या पुढे

नाशिकच्या एखाद्या वायनरीत पहिल्यांदा गेलेल्या पाहुण्याला ‘कशी वाटली?’ असं विचारलं की बहुतेक वेळा ‘छान आहे’ किंवा ‘आंबट आहे’ असं उत्तर येतं. त्यातलं ‘छान’ बाजूला ठेवावं. कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठात अ‍ॅन नोबल यांनी 1984च्या सुमारास वाइनच्या गंधांचं एक चक्र तयार केलं. त्यात आवड-नावड सांगणारे शब्द नाहीतच. आत ‘फळ’, त्याबाहेर ‘आंबट फळ’, सर्वांत बाहेर ‘लिंबू’ अशी मोघमाकडून नेमक्याकडे जाणारी वाट आहे.

हे गंध कवितेतून आलेले नाहीत. सोव्हिन्यॉन ब्लांकच्या ग्लासात ढोबळी मिरचीचा वास येतो, कारण दोन्हींत पायरॅझीन कुळातलं एकच द्रव्य असतं. शिराझमध्ये मिरी जाणवते ती रोटंडोनमुळे, आणि मिऱ्याच्या दाण्यातही तेच. साधारण पाचातल्या एकाला मात्र रोटंडोनचा वासच येत नाही. त्यामुळे शेजारच्याला मिरी सापडली आणि आपल्याला नाही, तर हो ला हो करू नये. ग्लास एक-तृतीयांशच भरावा, हलकेच फिरवावा, मग नाक आत घालावं. वाइन बर्फासारखी गार असेल तर गंध वर येत नाही. ग्लास थोडा वेळ तळहातात धरावा.

खरा घोळ होतो तो ‘आंबट’पाशी. रेड वाइन पिऊन तोंड कोरडं पडलं की नवखा माणूस तिला आंबट म्हणून मोकळा होतो. ती असते तुरट. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, म्हणून हिरड्या खरखरीत लागतात. कडक कोऱ्या चहानं होतं तसंच. आंबटपणाचं लक्षण नेमकं उलटं: घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना लाळ सुटते. लाळ भरभरून आली तर आम्लता चढी, तोंड सुकलं तर टॅनिन जास्त. एकाच घोटात दोन्हीही असू शकतं.

बॉडी म्हणजे तोंडाला जाणवणारा जडपणा. पातळ ताक आणि घट्ट ताक यांत जो फरक, तोच इथे. अल्कोहोल, उरलेली साखर आणि विरघळलेले इतर घटक यांनी ती वाढते, म्हणून 14 टक्क्यांची शिराझ 12 टक्क्यांच्या शेनिन ब्लांकपेक्षा बहुधा भारदस्त लागते. रंगावरून मात्र अंदाज बांधू नये. गडद वाइनही पातळ निघते.

उरला फिनिश. घोट गेल्यावर मनात आकडे मोजावेत. पाचाच्या आत चव विरली तर फिनिश तोकडा, दहाच्या पुढे टिकली तर लांब. पण काय टिकलं तेही पाहावं. फळाचा किंवा मिरीचा गंध रेंगाळत असेल तर वाइन चांगली. नुसता कडवटपणा किंवा घशातली जळजळ मागे राहत असेल, तर लांबीचे गुण देऊ नयेत.