अंग धरलं की पाणी धरलं?

कोपरखैरण्यातल्या एका सुनेने गेल्या उन्हाळ्यात मला तिची वही दाखवली. हार्ट फेल्युअरवर उपचार घेऊन घरी आलेल्या सासऱ्यांचं वजन तिने रोज लिहिलं होतं : ५८.४, ५८.६, ५९.३, ५९.९, ६०.७. सहाव्या पहाटे त्यांना आडवं पडवेना, श्वास पुरेना. "वजन तर वाढत होतं डॉक्टर. वाटलं, आप्पांनी अंग धरलं," ती म्हणाली.

चूक तिची नव्हती. 'रोज वजन करा' हे तिला मराठीत सांगितलं होतं, पण कशासाठी ते सांगायचं राहिलं. आपल्याकडे आजाऱ्याचं वजन वाढणं ही आनंदाची बातमी असते. म्हणून कार्डावरच लिहावं : चार दिवसांत मांस चढत नाही, हे साठलेलं पाणी आहे, एक लिटरला एक किलो. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर त्याच दिवशी फोन करा. तिच्या वहीत हे पाचव्या सकाळीच दिसत होतं. वजन सकाळी, लघवी झाल्यावर, चहाआधी, तशाच हलक्या कपड्यांत करावं. काटा फरशीवर ठेवावा, सतरंजीवर नाही.

सूजही ती रोज पाहायची, पण पावलांवर. आप्पा दिवसभर पलंगावर पडून, त्यामुळे पाणी कमरेखाली उतरलं होतं. झोपून असणाऱ्याच्या माकडहाडावर अंगठा पाच सेकंद दाबून खड्डा राहतो का, हे तिला कुणी करून दाखवलं नव्हतं. शिवाय खड्डा पडेपर्यंत काही लिटर पाणी साठलेलं असतं. काटा आधी बोलतो.

'द्रवपदार्थ दीड लिटर' याचा अर्थ तिने पिण्याचं पाणी असा घेतला. आमटी, ताक, चहा हिशेबाबाहेर. तीन अर्धे कप चहा, दोन वाट्या आमटी आणि पेलाभर ताक मिळूनच साधारण आठशे मिली होतात. पाण्याला उरतात सातशे, गोळ्यांसकट. आता ती सकाळी दीड लिटरची बाटली भरते. आप्पा चहा प्यायले की तेवढंच पाणी बाटलीतून काढते. बाटली संपली की दिवसाचा हिशेब संपला. अर्थात ही मर्यादा सरसकट प्रत्येकाला लिहू नये. २०२५ मध्ये आलेल्या नेदरलँड्समधल्या फ्रेश-अप चाचणीत स्थिर रुग्णांना दीड लिटरच्या बंधनाचा फायदा दिसला नाही, तहान मात्र वाढली. जुलाब, उलट्या किंवा उठताना चक्कर असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, तरीही फोन करायला सांगावं. तेव्हा लघवीची गोळी जास्त होत असू शकते.

'कोरडं वजन' हा शब्दही घरच्यांना कळत नाही. 'सूज नसतानाचं वजन' असं लिहावं, आणि प्रत्येक भेटीत तो आकडा नव्याने ठरवावा. भूक मंदावून मांस झडलं, तर काट्यावर जुनंच वजन दिसतं आणि आत पाणी भरलेलं असतं. आप्पांच्या वहीत ५८.४ खोडून आता ५७ लिहिलं आहे.