टक्केवारीचा छेद तपासावा

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्लेसमेंट अधिकाऱ्यांकडे प्रशिक्षण संस्था विद्यार्थ्यांना नोकरीसाठी तयार करण्याचे प्रस्ताव घेऊन येतात, तेव्हा त्यांत ‘८० टक्के निवड’ असा दावा असेल, तर ती टक्केवारी कोणत्या संख्येने भागून काढली, हे प्रथम विचारले पाहिजे. समजा, अंतिम वर्षात २५० विद्यार्थी आहेत, गुणांची अट आणि राहिलेले विषय यांमुळे त्यांतील १५० जणच भरतीस पात्र ठरले आणि १२० नियुक्तिपत्रे आली, तर पात्र विद्यार्थ्यांवर ८० टक्के भरतात. परंतु ३० जणांना प्रत्येकी दोन पत्रे मिळाली असतील, तर निवड झालेले विद्यार्थी ९०च उरतात आणि संपूर्ण वर्गाचे प्रमाण ३६ टक्क्यांवर येते. या हिशेबातून गळालेल्या १०० विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या सरावाआधी विषय सोडवण्यास मदत हवी असते, आणि तिचा उल्लेख नसलेला प्रस्ताव त्यांच्यासाठी निरुपयोगी, किंबहुना अन्यायकारकही ठरतो, कारण शुल्क बहुधा सर्वांकडूनच घेतले जाते.

म्हणून वर्ग सुरू होण्यापूर्वी पायाचाचणी, म्हणजे गणित, तर्क, भाषा आणि प्रोग्रॅमिंग यांतील मूळ पातळी मोजणारी परीक्षा, महाविद्यालयाने स्वतः घ्यावी, त्याच काठिण्याची दुसरी चाचणी शेवटी घ्यावी आणि शुल्काचा अखेरचा हप्ता या दोहोंतील फरकाशी बांधावा. तो निवडीशी बांधू नये, कारण भरती बाजारातील मागणीनुसार घटते-वाढते आणि चांगल्या वर्षाचे श्रेय संस्थेला आयतेच मिळते.