पीपीटीतला हिरवा रकाना म्हणजे निर्णय नव्हे

मंडळी, भुयारी गटार योजनेच्या मलशुद्धीकरण केंद्राच्या जागेवरून गावात काय चाललंय ते तुम्ही बघताच आहात. गायरानाच्या बाजूचे लोक विचारतात, आमच्याच उशाशी का? नगरसेवक म्हणतात, आम्हाला नीट माहिती नाही. आणि नगरपरिषदेत विचारलं की उत्तर एकच, "सुकाणू समितीत ठरलंय."

काय ठरलं, दुसरं काय काय समोर होतं आणि ते का सोडलं, या तीन प्रश्नांची उत्तरं एका कागदावर मागितली तर तसा कागदच नाही. आहेत त्या सल्लागार कंपनीने समितीपुढे दाखवलेल्या दोन पीपीटी. पहिली ३१ पानांची, दुसरी आठ महिन्यांनंतरची, ४४ पानांची. दोन्ही माहिती अधिकारात मिळाल्या. देताना टेबलावरचे बाबू म्हणाले, "साहेब, पीपीटीत सगळं आहेच की." सगळं असतं, फक्त निर्णय नसतो. पीपीटी ही समितीला पटवण्यासाठी केलेली असते, नंतर कुणी विचारेल म्हणून नव्हे.

म्हणून या दोन पीपीटींवरून एक निर्णय नोंदवही तयार केली. हे काम खरं तर नगरपरिषदेचं आहे, आणि कार्यादेश निघायच्या आधीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते कसं करायचं हे कुणालाही जमण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी एक सोपी नोंद बघा. केंद्र किती क्षमतेचं? पहिल्या पीपीटीत एका पानावर सरळ मांडलंय : योजनेच्या शेवटच्या वर्षी लोकसंख्या ६० हजार, माणशी रोज १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन परत येतं. ६० हजार गुणिले १३५ म्हणजे ८१ लाख लिटर, त्याचे ८० टक्के ६४ लाख ८० हजार. म्हणून साडेसहा दशलक्ष लिटरचं केंद्र. १३५ लिटर आणि ८० टक्के हे केंद्राच्या नियमपुस्तकातले नेहमीचे आकडे आहेत. कुणाला वाद घालायचा असेल तर ६० हजारांवर घालावा, बाकी हिशेब समोर आहे. नोंदवहीत ही ओळ पाच मिनिटांत भरून झाली. निर्णय, कारण, पान क्रमांक, सगळं जागेवर.

आता जागेकडे या. इथे दोन संध्याकाळी गेल्या.

पहिल्या पीपीटीच्या १७व्या पानावर दोन जागांचा तक्ता आहे. एक गायरान, दुसरी नाल्याकाठचा जुना कचरा डेपो. तीन निकष, प्रत्येकाला वजन, आणि दहापैकी गुण. जागेची उपलब्धता ४० टक्के, बांधकाम खर्च ३० टक्के, चालवण्याचा खर्च ३० टक्के. गायरानाला गुण ९, ६ आणि ४. डेपोला ५, ७ आणि ८. बेरीज गायरान ६.६, डेपो ६.५. गायरानाचा रकाना हिरवा केलेला. खाली शीर्षक "शिफारस".

शिफारस सल्लागाराची असते, निर्णय समितीचा. म्हणून पुढे बैठकीचं इतिवृत्त काढलं. त्यात दोनच वाक्यं : "सादरीकरणावर चर्चा झाली. प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात आली." कुठला प्रस्ताव? त्या दिवशी पीपीटीत जागा, शुद्धीकरणाची पद्धत, गटारांचा मार्ग, ठेक्याचा प्रकार असे पाच-सहा विषय होते. आणि आठ महिन्यांनंतरच्या पीपीटीत डेपो नावालाही नाही. गायरानासमोर "प्रस्तावित जागा" असं लिहिलंय आणि शेवटच्या पानावर "पुढील कार्यवाही : गायरान जागेची मोजणी". म्हणजे मोजणीला माणसं पाठवण्याइतकं पक्कं झालं, पण पक्कं केलं कधी आणि कुणी, ते कुठेच नाही.

निर्णय असेच लपतात. शोधायचे तर पीपीटी एकटी वाचायची नाही, दोन आवृत्त्या शेजारी ठेवायच्या. आधी असलेला पर्याय नंतर गायब झाला असेल, तर मधे निर्णय झालाय. आकडा बदलला असेल, तरीही. आणि शेवटचं "पुढील कार्यवाही"चं पान सगळ्यात आधी वाचायचं, कारण तिथल्या प्रत्येक कामामागे एक ठरलेली गोष्ट असते. मग प्रत्येक निर्णयापुढे लिहायचं की तो इतिवृत्तात स्पष्ट आहे, फक्त पीपीटीत आहे, की नुसता अंदाजाने निघतो. हे तीन प्रकार एकत्र केले तर नोंदवहीचा उपयोग संपला. उद्या अधिकारी म्हणेल की असं ठरलंच नव्हतं, आणि त्याचं खरं असेल.

दुसरी शिस्त कारणांची. कारण लिहिलेलं नसेल तर रकान्यात "कारण नमूद नाही" एवढंच लिहायचं. आपल्याला कारण माहीत असतं, निदान चहाच्या टपरीवर तरी सगळ्यांना माहीत असतं. कुणाची जमीन कुठे आहे वगैरे. ते लिहायचं नाही. एकदा आपला तर्क त्या रकान्यात गेला की पुढचा वाचणारा त्याला समितीचं कारण समजतो.

तर गायरानाच्या नोंदीत कारण काय? लिखित कारण एकच, गुणांची बेरीज. म्हणून ती तपासली. फरक ०.१ चा. जागेच्या उपलब्धतेचं वजन ४० ऐवजी ३० केलं आणि उरलेल्या दोघांना ३५-३५ दिलं, तर गायरान ६.२ आणि डेपो ६.७५. निकाल उलटतो! मग ४० टक्केच का, यावर दोन्ही पीपीटींत एक ओळ नाही. माझ्या मते जागेचा खरा निर्णय तो आहे, वजन ठरवण्याचा. हिरवा रकाना त्याची सावली.

आता डेपोला उपलब्धतेत ५ गुण का? हे मात्र तळटीपेत आहे : जागा नगरपरिषदेची, पण जुना कचरा पडलेला, तो हटवावा लागेल. तेव्हा ते खरंच होतं. पण २०२१ च्या ऑक्टोबरात स्वच्छ भारत अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला, त्यात जुने कचरा डेपो मोकळे करण्यासाठी पैसे आले, आणि आपल्या डेपोवर चाळण्या लागून तो कचरा हलवलेला तुम्ही पाहिलाय. ज्या कारणाने डेपो मागे पडला ते कारण उरलं नाही. पण पुन्हा विचार करायला हवा हे कुणाच्या लक्षात यायचं कसं? मुख्याधिकारी साधारण तीन वर्षांत बदलतात. नव्या साहेबांच्या हातात दुसरी पीपीटी, तिच्यात डेपो नाहीच.

म्हणून नोंदवहीत एक रकाना असा ठेवला जो सहसा कुणी ठेवत नाही, "काय बदललं तर पुन्हा विचार करावा". जागेची नोंद आता अशी दिसते :

निर्णय : केंद्र गायरानात.
स्थिती : अंदाजाने निघतो, इतिवृत्तात स्पष्ट नाही.
सोडलेला पर्याय : जुना कचरा डेपो.
लिखित कारण : गुण ६.६ विरुद्ध ६.५, पहिली पीपीटी, पान १७.
नमूद नाही : वजन ४०-३०-३० का, निर्णय कुणी, कधी घेतला.
पुन्हा विचार : डेपोवरचा कचरा हटल्यास. (हटला आहे.)

यात पणाला काय आहे तेही सांगतो. गायरान गावाच्या वरच्या अंगाला आहे, म्हणून चालवण्याच्या खर्चात त्याला ४ गुण. पीपीटीत सांडपाणी २० मीटर उचलायचं दाखवलंय. साडेसहा दशलक्ष लिटर पाणी २० मीटर चढवायला, पंपाची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर रोज ६०० युनिटच्या आसपास वीज लागते. केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं तर वर्षाला दोन लाख युनिटहून जास्त, आणि योजना आहे तोवर दरवर्षी. बांधकामाला अनुदान मिळतं, हे बिल मात्र नगरपरिषदेच्या तिजोरीतून जातं. बिल थकलं की पंप बंद, आणि पंप बंद झाले की मैला सरळ नाल्यात.

याचा अर्थ डेपोच बरोबर असा नाही. ती जागा नाल्याकाठी आहे आणि पूररेषेबद्दल पीपीटीत अवाक्षर नाही. कदाचित समितीत कुणी तोंडी तो मुद्दा काढला असेल आणि म्हणूनच डेपो गेला असेल. तसं असेल तर ते उत्तम कारण आहे. मग लिहा ना!

काही जण म्हणतील, माहिती अधिकारात कारण विचारा. विचारून बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय की जी माहिती दप्तरात नाही ती नव्याने तयार करून द्यायचं बंधन कार्यालयावर नाही. कारण लिहिलंच नसेल तर तीस दिवसांनी "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येईल आणि ते कायदेशीर असेल. पण त्याच कायद्याचं कलम ४ असं सांगतं की महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी तथ्यं प्रसिद्ध करायची आणि ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांना कारणं द्यायची, न मागता. गायरानाशेजारच्या वस्तीवर परिणाम होत नाही असं कोण म्हणेल?

दोन्ही पीपीटी मिळून १९ निर्णय सापडले. लिखित कारण ७ जणांना. शुद्धीकरणाच्या पद्धतीचं कारण चांगलं दिलंय, तेही सांगायला हवं : तळ्यांची पद्धत विजेला स्वस्त पण जमीन फार लागते, म्हणून सोडली. पटो न पटो, वाद घालता येतो. उरलेल्या १२ ची यादी करून मुख्याधिकाऱ्यांना अर्ज दिलाय. एवढंच मागितलंय की प्रत्येकापुढे कारण आणि तारीख भरून समितीच्या सह्यांनी द्या, आणि जागेचा विषय सर्वसाधारण सभेपुढे येण्याआधी द्या. अर्जाची पोच आणि १९ नोंदींचे फोटो खाली टाकतोय. पान क्रमांक दिलेत, ताडून बघा. एखादी नोंद चुकीची वाटली तर कागदासकट सांगा. आपापल्या प्रभागाच्या नगरसेवकालाही ही यादी पाठवा, सभेत हात वर करायचा तर त्यांनाच आहे.